मोतीबिंदूच्या तपासणीत सापडलेल्या बावन्न हजार पेशी

६४ वर्षांचे एक निवृत्त शिक्षक मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी गेले होते. त्याआधीच्या नेहमीच्या रक्ततपासणीत त्यांच्या पांढऱ्या पेशी ५२,००० निघाल्या. एका मायक्रोलिटरमागे ४,००० ते ११,००० पेशी आपण नॉर्मल धरतो. त्यांना ताप नव्हता, वजन उतरलं नव्हतं, जेवणखाण व्यवस्थित होतं. मानेत छोट्या गाठी होत्या, त्याही दोनेक वर्षांपासून; पण दुखत नाहीत म्हणून त्यांनी त्या मनावर घेतल्या नव्हत्या. मध्ये एकदा टीबीची शंका येऊन थुंकी तपासली गेली, ती निगेटिव्ह आली आणि विषय तिथंच थांबला. ऑपरेशन पुढे ढकलून त्यांना हिमॅटॉलॉजिस्टकडे पाठवलं, तेव्हा काखेतही गाठी लागल्या आणि पाणथरी डाव्या बरगडीखाली सहा सेंटिमीटर उतरलेली होती. हिमोग्लोबिन ११.२, प्लेटलेट १,३२,०००.

आमच्या प्रयोगशाळेत रक्त आलं ते फ्लो सायटोमेट्रीसाठी, म्हणजे पेशी एकेक करून लेझरसमोरून नेऊन ओळखण्याच्या तपासणीसाठी. फॉर्मवर लिहिलं होतं, 'सीएलएल पॅनेल'. ओळख पटेल असे तपशील बदलून हे प्रकरण मी इथं पूर्ण लिहिते आहे. या आजारांत पेशीवरचं एकच ओळखचिन्ह, म्हणजे मार्कर, पाहून नाव ठरवलं तर काय होतं आणि कामातली एक छोटी चूक आपल्याला हव्या त्या उत्तराकडे कशी ढकलू शकते, या दोन्ही गोष्टी या एका नमुन्यात आम्हाला दिसल्या.

सीएलएल म्हणजे क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया, लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींचा कर्करोग. पाश्चात्त्य देशांत तो प्रौढांमधला सर्वांत जास्त आढळणारा ल्युकेमिया आहे; आपल्याकडे त्याचं प्रमाण त्यामानानं कमी, पण वयस्क माणसात लिम्फोसाइट वाढलेले दिसले की पहिलं नाव तेच ओठांवर येतं. आणि ते चूकही नाही. बहुतेक वेळा तोच असतो. त्याचा एक मोठा दिलासा असा की हिमोग्लोबिन आणि प्लेटलेट टिकून असतील, रुग्णाला त्रास नसेल, तर लगेच औषध सुरू करावं लागत नाही. दर तीन-चार महिन्यांनी रक्त तपासत राहायचं. या काकांचे आकडे पाहिले तर सीएलएल असता तर त्यांना बहुधा हेच सांगितलं गेलं असतं: घरी जा, मोतीबिंदू काढून घ्या, चार महिन्यांनी या.

म्हणूनच दुसरी शक्यता नीट तपासणं गरजेचं होतं. मँटल सेल लिम्फोमा नावाचा लिम्फोसाइटचाच दुसरा कर्करोग रक्तात उतरला की वरवर अगदी सीएलएलसारखा दिसतो. तेच वय, त्याच गाठी, तेच वाढलेले लिम्फोसाइट. पण त्याचा एक संथ प्रकार सोडला तर तो वाट पाहू देत नाही.

स्मिअरवर काय दिसलं

फ्लोच्या मशीनकडे जाण्याआधी मी काच पाहते, म्हणजे काचेवर ओढलेला रक्ताचा पातळ थर, स्मिअर, सूक्ष्मदर्शकाखाली पाहते. ही सवय माझ्या शिक्षकांनी लावली आणि तिनं आजवर अनेकदा वाचवलं आहे. शंभरात ८४ लिम्फोसाइट, म्हणजे एका मायक्रोलिटरमागे सुमारे ४३,७००. सीएलएलचे लिम्फोसाइट लहान, गोल आणि एकमेकांसारखे असतात, त्यांच्या केंद्रकातलं क्रोमॅटिन फुटबॉलवरच्या ठिपक्यांसारखं गठ्ठ्यागठ्ठ्यांनी दिसतं. शिवाय त्या पेशी इतक्या नाजूक की स्मिअर ओढतानाच फुटतात आणि काचेवर फुटलेल्या केंद्रकांचे धब्बे राहतात. आम्ही त्यांना स्मज सेल म्हणतो.

या काचेवर स्मज सेल जवळजवळ नव्हत्या. पेशी थोड्या लहानमोठ्या होत्या आणि बऱ्याच केंद्रकांना काठावर खाच होती, एखाद्या बीला नखानं चिरावं तशी. एवढ्यावरून निदान होत नाही. सीएलएलमध्येही थोड्या पेशी अशा असतात. पण फॉर्मवरचा शब्द आणि काचेवरचं चित्र यांच्यात अंतर पडलं होतं, हे मी त्याच वेळी वहीत लिहून ठेवलं.

मशीन नेमकं काय बघतं

फ्लो सायटोमीटरचं काम सांगायला सोपं आहे. पेशी द्रवात सुट्या करायच्या, त्यांच्या पृष्ठभागावरच्या ठरावीक प्रथिनांना चिकटणाऱ्या अँटीबॉडी घालायच्या, आणि प्रत्येक अँटीबॉडीला एक वेगळा चमकणारा रंग आधीच बांधलेला असतो. मग ही पेशींची रांग एकामागून एक लेझरसमोरून जाते. पेशीवर आपटून पुढे गेलेल्या प्रकाशावरून आकाराचा अंदाज येतो, बाजूला विखुरलेल्या प्रकाशावरून आतल्या दाणेदारपणाचा, आणि रंग किती चमकला त्यावरून ते प्रथिन आहे का आणि किती आहे हे कळतं. काही मिनिटांत लाखभर पेशी मोजून होतात आणि प्रत्येक पेशीचे आठ-दहा गुण एकत्र नोंदले जातात. स्क्रीनवर एक पेशी म्हणजे एक ठिपका. एकसारख्या पेशींचे ठिपके एकत्र येऊन ढग तयार होतो.

या प्रथिनांना सीडी क्रमांक आहेत. वेगवेगळ्या प्रयोगशाळांनी एकाच प्रथिनाला वेगवेगळी नावं दिल्यामुळे गोंधळ होऊ लागला, तेव्हा १९८२ मध्ये पॅरिसला पहिली परिषद भरून ही एकसमान क्रमांकांची पद्धत सुरू झाली. लिम्फोसाइटचे मुख्य प्रकार दोन, बी पेशी आणि टी पेशी. सीडी१९ दिसलं तर ती बी पेशी. सीडी३ दिसलं तर टी पेशी. सीडी४५ जवळपास सगळ्या पांढऱ्या पेशींवर असतं, पण पक्व लिम्फोसाइटवर भरपूर आणि कोवळ्या ब्लास्टवर कमी. म्हणून आम्ही पहिला आलेख नेहमी सीडी४५ आणि दाणेदारपणा यांचा काढतो. तिथं ब्लास्ट स्वतःच्या वेगळ्या जागी येतात.

कोणत्याही ल्युकेमियाच्या नमुन्यात पहिला प्रश्न हाच असतो: पेशी कोवळ्या आहेत की पक्व? कोवळ्या असतील, सीडी३४ किंवा टीडीटी असेल, तर तो तीव्र ल्युकेमिया आणि कामाचा वेग तासांत मोजायचा. इथं ढग सीडी४५च्या वरच्या टोकाला होता, दाणेदारपणा कमी होता आणि सीडी३४ कुठंच नव्हतं. म्हणजे पक्व लिम्फोसाइट. त्यातले ८८ टक्के सीडी१९ असलेले, म्हणजे बी पेशी. नॉर्मल माणसात रक्तातल्या लिम्फोसाइटमध्ये टी पेशींचा वाटा मोठा असतो. इथं टी पेशी एका कोपऱ्यात गोळा झालेल्या उरल्या होत्या. त्या थोड्या टी पेशी पुढे फार उपयोगाला आल्या.

सीडी५: खरं, पण अपुरं

सीडी५ हे मुळात टी पेशींचं प्रथिन. नॉर्मल बी पेशींपैकी फारच थोड्यांवर ते असतं. त्यामुळे बी पेशींच्या मोठ्या ढगावर सीडी५ दिसणं हे असामान्य पेशींचं लक्षण असतं. या नमुन्यात ते होतं. सीडी१९ आणि सीडी५ एकाच पेशीवर, जवळजवळ सगळ्या बी पेशींवर.

इथं मार्कर आहे की नाही एवढं विचारून भागत नाही, किती आहे हे पाहावं लागतं, आणि त्यासाठी मोजपट्टी त्याच ट्यूबमध्ये असावी लागते. काकांच्या स्वतःच्या नॉर्मल टी पेशी त्याच ट्यूबमध्ये, त्याच अँटीबॉडीत, त्याच लेझरसमोरून गेल्या होत्या. त्यांच्यावरचं सीडी५ झगझगीत होतं आणि बी पेशींवरचं त्याच्यापेक्षा स्पष्ट कमी. कमी असलं तरी खरंच होतं. टी पेशींशी तुलना केली नसती तर हे अंधूकपण अँटीबॉडी जुनी झाल्यामुळे आहे की पेशीचंच आहे, हे सांगता आलं नसतं.

पण सीडी५ असलेल्या पक्व बी पेशींचे मुख्य आजार दोन: सीएलएल आणि मँटल सेल लिम्फोमा. मार्जिनल झोन लिम्फोमासारखे इतर काही आजारही कधीकधी सीडी५ दाखवतात. म्हणजे सीडी५नं आम्हाला दोन दारांसमोर आणून उभं केलं. कोणतं दार उघडायचं हे ते सांगत नाही.

लाइट चेनचा सापळा

प्रत्येक नॉर्मल बी पेशीच्या पृष्ठभागावर अँटीबॉडीचाच एक रेणू असतो आणि त्याची लाइट चेन एक तर कॅपा असते किंवा लॅम्डा. एका पेशीवर दोन्ही नसतात. निरोगी माणसात कॅपा आणि लॅम्डा बी पेशी साधारण दीडास एक या प्रमाणात मिसळलेल्या असतात. पण सगळ्या बी पेशी एकाच मूळ पेशीची संतती असतील तर सगळ्यांवर एकच लाइट चेन दिसते. म्हणून लाइट चेन ही क्लोनची खूण आहे. आणि ती किती चमकते यालाही अर्थ आहे. सीएलएलच्या पेशींवर हा रेणू अगदी विरळ असतो, म्हणून चमक मंद. मँटल सेल लिम्फोमात ती चांगली असते.

आमच्या टेक्निशियननं पहिला आलेख दाखवला तेव्हा कॅपा रिकामं होतं आणि लॅम्डा शून्यरेषेच्या जरा वर, फिकट. तिनं लगेच म्हटलं, "मॅडम, सीएलएलसारखंच डिम आहे." फॉर्मवर सीएलएल, सीडी५ पॉझिटिव्ह, लाइट चेन मंद. सगळं एका ओळीत बसत होतं. रिपोर्ट लिहायला घ्यावा असं चित्र होतं ते.

मला अडखळवलं ते दुसऱ्या ट्यूबमधल्या सीडी७९बीनं. ते झळझळीत होतं. सीडी७९बी हा काही स्वतंत्र मार्कर नाही. बी पेशीच्या पृष्ठभागावर अँटीबॉडीचा रेणू ज्या जोडीच्या आधारानं उभा असतो, त्या जोडीतला तो एक भाग आहे. एक कमी झालं की दुसरंही कमी होतं. सीएलएलमध्ये दोन्ही एकत्र मंद असतात, ते याच कारणानं. इथं आधार भरपूर आणि त्यावरचा रेणू मात्र जवळजवळ नाही. पेशीच्या रचनेशी हे जुळत नव्हतं. म्हणजे पेशी तसं सांगत नव्हती, आमच्या कामात काहीतरी घडलं होतं.

चमक खोटी मंद होण्याची दोन कारणं मी आधी तपासते. पहिलं, पेशी जास्त आणि अँटीबॉडी कमी. एका ट्यूबमध्ये आम्ही साधारण दहा लाख पेशी घेतो. नेहमीच्या रक्तातून १०० मायक्रोलिटर घेतलं तर हा हिशेब जवळपास जमतो. पण ५२,०००च्या नमुन्यातून तेवढंच घेतलं तर ट्यूबमध्ये ५२ लाख पेशी जातात आणि ठरलेली अँटीबॉडी त्यांना पुरत नाही. सगळेच मार्कर फिके दिसतात. आमच्या टेक्निशियननं हिशेब बरोबर केला होता: २० मायक्रोलिटर, म्हणजे साडेदहा लाखांच्या आत-बाहेर. शिवाय सीडी१९, सीडी२० आणि टी पेशींवरचं सीडी५ सगळं नेहमीसारखं चमकत होतं. फिकी पडली होती ती फक्त लाइट चेन.

म्हणून दुसरं कारण. रक्ताच्या प्लाझ्मात आपल्या सगळ्या अँटीबॉडी मोकळ्या फिरत असतात, एका डेसिलिटरमध्ये साधारण एक ग्रॅमच्या घरात, आणि त्यातल्या प्रत्येकीला कॅपा किंवा लॅम्डा असतेच. आपण ट्यूबमध्ये लॅम्डा ओळखणारी अँटीबॉडी घातली तर ती आधी या मोकळ्या लॅम्डाला चिकटून संपते. पेशीपर्यंत उरते ती थोडी. म्हणून या एका तपासणीसाठी पेशी आधी धुवाव्या लागतात, सलाइन बफरनं, तो ३७ अंशांवर कोमट करून, आणि तीन वेळा. मी वर्कशीट काढून पाहिलं. धुण्याच्या रकान्यात तीनऐवजी एक खूण होती. त्या सकाळी नमुने जास्त होते, सेंट्रिफ्यूज एकच होतं, आणि हे रक्त आदल्या संध्याकाळी काढलेलं असल्यामुळे पेशी मरण्याआधी मशीनवर चढवायची घाई होती. तिनं काहीही लपवलं नव्हतं, जे केलं ते लिहिलं होतं. त्या एका खुणेमुळे कारण दहा मिनिटांत सापडलं.

उरलेल्या रक्तातून पुन्हा सुरुवात केली. या वेळी मी शेजारी उभी राहिले. रक्त बफरमध्ये मिसळायचं, फिरवायचं, वरचं पिवळसर पाणी पिपेटनं काढून टाकायचं, तळाच्या लाल गोळीला हात लागू द्यायचा नाही. दुसऱ्या फेरीत वरचं पाणी फिकट, तिसऱ्या फेरीत अगदी स्वच्छ. मग अँटीबॉडी, अंधारात पंधरा मिनिटं, तांबड्या पेशी फोडणारं द्रावण, पुन्हा एक धुणं आणि मशीन. स्क्रीनवर लॅम्डाचा ढग उजवीकडे जवळपास एक अख्खं घर सरकला. लॉगरिदमिक पट्टीवर एक घर म्हणजे दहापट. कॅपा तसंच रिकामं. बी पेशींपैकी ९७ टक्के लॅम्डा, आणि ठळक लॅम्डा.

चूक झाली याचं मला तितकं काही वाटलं नाही. प्रयोगशाळेत चुका होतात. मला हादरवलं ते याचं की ही चूक फॉर्मवरच्या निदानाला पूरक होती. उलट दिशेनं झाली असती तर कुणीही लगेच पकडली असती.

बाकीचे मार्कर एकमेकांशी जुळवताना

सीएलएल ओळखण्यासाठी पाच मार्करांचा एक जुना गुणांक आम्ही आजही वापरतो. सीडी५ असेल तर एक गुण, सीडी२३ असेल तर एक, एफएमसी७ नसेल तर एक, सीडी७९बी मंद असेल तर एक, लाइट चेन मंद असेल तर एक. चार किंवा पाच आले तर सीएलएल. शून्य ते दोन आले तर तो सीएलएल नाही. तीन आले तर मात्र डोकं लावावं लागतं.

काकांच्या पेशींवर एफएमसी७ होतं, सीडी७९बी ठळक होतं, सीडी२० ठळक होतं, लाइट चेन आता ठळक होती. फक्त सीडी२३ घोटाळ्याचं होतं. सीएलएलमध्ये ते स्पष्ट असतं, मँटलमध्ये सहसा नसतं. इथं ढगाचा मोठा भाग रिकामा आणि एक पदर थोडा वर चढलेला, शंभरात २५ पेशींच्या आसपास, तोही फिकट. पूर्वी २० टक्क्यांहून जास्त पेशी शून्यरेषा ओलांडतात म्हणजे पॉझिटिव्ह, असा सरधोपट नियम वापरला जायचा. त्या नियमानं हे सीडी२३ पॉझिटिव्ह ठरतं. मला हा नियम पटत नाही, कारण शून्यरेषेच्या जरा वर गेलेली २५ टक्के पेशींची झालर आणि सगळा ढग स्वच्छ वेगळा उभा असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि टक्क्यांत त्यांच्यातला फरक नाहीसा होतो. मी रिपोर्टमध्ये 'काही पेशींवर मंद' असं लिहिते. गुणांकात त्याला शून्य धरलं तर एकूण एक, एक धरला तर एकूण दोन. दोन्हीकडून सीएलएल बाहेर पडतो.

आता हेच गणित पहिल्या, एकदाच धुतलेल्या ट्यूबच्या आकड्यांवर करून पाहा. सीडी५चा एक, सीडी२३ला टक्क्यांच्या नियमानं एक, मंद लाइट चेनचा एक. तीन. सीएलएलच्या उंबरठ्यावर. आणि सीडी७९बीला घाईत मंद म्हटलं असतं, तर चार.

शेवटचा मार्कर सीडी२००. जुन्या गुणांकात तो नव्हता, पण गेल्या काही वर्षांत या दोन आजारांच्या बाबतीत मला सर्वांत जास्त मदत त्यानंच केली आहे. सीएलएलच्या पेशींवर तो भरभरून असतो, मँटलच्या पेशींवर सहसा नसतो. इथं तो नव्हता. नव्हता म्हणताना ट्यूबमध्ये अँटीबॉडी पडलीच नव्हती का, हे विचारायलाच हवं. काकांच्या उरल्यासुरल्या नॉर्मल बी पेशींवर तो दिसत होता, म्हणजे अँटीबॉडी होती आणि काम करत होती.

रिपोर्टमध्ये काय लिहिलं, काय लिहिलं नाही

'मँटल सेल लिम्फोमा' एवढंच लिहून मी सही केली नाही. फ्लो पृष्ठभाग पाहतं. मँटल सेल लिम्फोमाची खरी ओळख पेशीच्या आत, केंद्रकात असते: ११ आणि १४ या गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल होतात, त्यामुळे सायक्लिन डी१ नावाच्या प्रथिनाचं जनुक बी पेशीत अखंड चालू राहणाऱ्या जनुकाशेजारी जाऊन बसतं, आणि पेशीला विभाजनाचा हुकूम मिळतच राहतो. पृष्ठभागावरचे मार्कर या घटनेची सावली दाखवतात. सावलीवरून माणूस बहुतेक वेळा ओळखता येतो, पण एवढ्या मोठ्या निर्णयाला प्रत्यक्ष चेहरा पाहिलेला बरा.

म्हणून रिपोर्टची ओळ अशी होती: सीडी५ असलेल्या पक्व बी पेशींचा क्लोनल आजार, लॅम्डा, मार्करांची जुळणी सीएलएलशी विसंगत, मँटल सेल लिम्फोमाशी सुसंगत, खात्रीसाठी ११-१४ अदलाबदलीची फिश तपासणी आणि गाठीची बायोप्सी करावी. आणि त्याच संध्याकाळी मी हिमॅटॉलॉजिस्टना फोन केला. रिपोर्ट वाचला जाईपर्यंत कधीकधी दोन दिवस जातात, आणि 'सीएलएल पॅनेल' असं स्वतः लिहिलेल्या माणसाची नजर पहिल्या दोन ओळींनंतर थांबू शकते.

"सर, हा सीएलएल नाही," मी म्हणाले.

"एवढं नक्की?" त्यांनी विचारलं.

"सीएलएल नाही हे नक्की. मँटल आहे हे फिश सांगेल."

फिश तपासणीत दोन्ही गुणसूत्रांवरच्या जनुकांना वेगवेगळ्या रंगांचे प्रोब लावतात. अदलाबदल झाली असेल तर तांबडा आणि हिरवा ठिपका एकमेकांना चिकटून पिवळा दिसतो. २०० केंद्रकं मोजली, त्यातल्या बहुसंख्यांत चिकटलेले ठिपके होते. मानेतल्या गाठीच्या बायोप्सीत सायक्लिन डी१ पॉझिटिव्ह, सॉक्स११ही पॉझिटिव्ह, आणि विभाजनाचा वेग दाखवणारं केआय-६७ पंचवीस टक्क्यांच्या आसपास. सॉक्स११ला महत्त्व यासाठी की मँटलचा तो जो संथ प्रकार आहे, रक्तात आणि पाणथरीत राहणारा, गाठी जवळजवळ नसलेला, त्यात हे प्रथिन सहसा नसतं. तशा रुग्णाला काही काळ नुसतं पाहत राहता येतं, आणि त्या प्रकारात सीडी२०० पॉझिटिव्ह येऊन फ्लोलाही चकवा बसू शकतो. काकांचा प्रकार तो नव्हता. टीपी५३ जनुकात बदल नव्हता, हे त्यांच्या बाजूनं होतं.

त्यांचा मुलगा रिपोर्ट घ्यायला आला तेव्हा त्यानं विचारलं, "मॅडम, आधी सांगितलं होतं सीएलएल असेल, फार काळजी नको. आता लिम्फोमा म्हणतायत. चार दिवसांत आजार वाढला का?" मी त्याला बसवून दोन्ही आलेख दाखवले. आजार तोच होता, नाव आता कळलं होतं. त्यानं बराच वेळ ठिपक्यांच्या ढगाकडे पाहिलं आणि विचारलं, "ह्यातला आमच्या अण्णांचा चांगला भाग कुठला?" मी कोपऱ्यातल्या टी पेशींवर बोट ठेवलं.

सहा महिन्यांनंतरचा नमुना

उपचार बेंडामुस्टिन आणि रितुक्सिमॅबचे झाले, सहा फेऱ्या. त्यानंतर अस्थिमज्जेचा नमुना आमच्याकडे आला, उरलेल्या पेशी शोधायला. इथं फ्लोचं काम पूर्ण वेगळं होतं. पहिल्या वेळी आजाराच्या पेशींनी स्क्रीन भरली होती. आता दहा हजारांत एखादी असली तरी ती सापडायला हवी होती.

आणि इथं एक मार्कर हातातून गेलेला असतो. रितुक्सिमॅब हीच मुळात सीडी२०ला चिकटणारी अँटीबॉडी. ती पेशींवर बसलेली असल्यामुळे आमच्या अँटीबॉडीला जागाच उरत नाही, आणि सीडी२० दिसत नाही म्हणून बी पेशी नाहीत असा खोटा निष्कर्ष निघू शकतो. म्हणून बी पेशी सीडी१९वरून शोधल्या, मग त्यात सीडी५ असलेल्या, मग त्यात फक्त लॅम्डा असलेल्या. पाच लाख पेशी मोजल्या. या वेळी धुण्याच्या रकान्यात तीन खुणा होत्या, आणि त्यापुढे आमच्या टेक्निशियननं प्रत्येक फेरीची वेळ लिहिली होती.

त्या तिन्ही अटींत बसणाऱ्या पेशी पाच लाखांत ३८ निघाल्या. इतक्या थोड्या ठिपक्यांना ढग म्हणायचं का, हा प्रश्न पडतो. विखुरलेले असते तर मी ते मशीनचा गोंगाट म्हणून सोडले असते. पण हे एकाच जागी जमले होते, पहिल्या दिवशीच्या ढगाच्याच जागी. दहा हजारांत एकाहून कमी, पण शून्य नाही. रिपोर्टमध्ये ३८ हा आकडा आणि मोजलेल्या एकूण पेशी दोन्ही लिहिल्या, म्हणजे पुढचा नमुना येईल तेव्हा तो कशाशी ताडायचा हे जो कुणी मशीनसमोर बसलेला असेल त्याला कळेल.